भाजक कोणता: कच्च्या साहित्याचे वजन की तयार मिश्रणाचे?

घरी केलेल्या पदार्थाच्या साहित्यातील मॅक्रोंची, म्हणजे प्रथिने, स्निग्धांश आणि कर्बोदके यांची, बेरीज करणे बहुतेकांना जमते. पाकिटावरचे आकडे आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असला की काम झाले. वाटीने मोजू नये, एवढेच सांगतो, कारण २५० मिलिलिटर पातळ तूप सुमारे २२७ ग्रॅमच भरते.

चूक होते ती पुढे, एका नगाचा हिशेब काढण्यासाठी एकूण वजनाने भागाकार करताना. उदाहरणासाठी बेसनाचे लाडू घेऊ: बेसन ५०० ग्रॅम, तूप २५०, पिठीसाखर ४००. घाण्याची एकूण ऊर्जा साधारण ५,७८० कॅलरी, प्रथिने ११२ ग्रॅम, स्निग्धांश २८३ आणि कर्बोदके ६८९. कच्च्या साहित्याचे वजन ११५० ग्रॅम असल्याने पुष्कळ जण त्यानेच भागतात आणि ४० ग्रॅमच्या लाडवाला २०१ कॅलरी लिहून मोकळे होतात.

परंतु बेसन खमंग भाजताना त्यातला ओलावा उडून जातो आणि तयार मिश्रण, समजा, १०९० ग्रॅम भरते. उडाले ते पाणी; कॅलरी कढईतच राहिल्या. १०९० ने भागल्यास त्याच लाडवात २१२ कॅलरी, ४.१ ग्रॅम प्रथिने, १०.४ ग्रॅम स्निग्धांश आणि २५.३ ग्रॅम कर्बोदके येतात. पडताळा सोपा आहे: या मिश्रणाचे २७ लाडू होतात आणि २७ गुणिले २०१ म्हणजे ५,४२७, घाण्यात घातलेल्या जवळजवळ ३५० कॅलरींचा हिशेबच लागत नाही. पाकातल्या लाडवांत हा घोटाळा वाढतो, कारण पाकासाठी ओतलेले पाणीही कच्च्या वजनात धरले जाते आणि त्यातले बरेचसे आटते.

तयार वजन लाडू वळण्यापूर्वीच घ्यावे, तेही भांड्यासकट, आणि रिकाम्या भांड्याचे आधी लिहून ठेवलेले वजन त्यातून वजा करावे. वळून झालेल्या लाडवांचीच बेरीज भाजक म्हणून घेतली, तर परातीला चिकटलेले आणि वळता वळता तोंडात टाकलेले मिश्रण उरलेल्या लाडवांच्या माथी मारले जाते. (चव पाहणाऱ्याने आपला घास वेगळा नोंदवावा, तेवढी प्रामाणिकता अपेक्षित आहे.)

नगाने भागणे अगदीच चुकीचे नाही, पण ते सरासरी सांगते, हातातला लाडू नव्हे. हाताने वळलेल्या लाडवांत एखादा ३३ ग्रॅमचा असतो, तर शेवटचा, उरलेसुरले एकत्र करून वळलेला, ५० चा. या दोघांत सुमारे ९० कॅलरींचे अंतर पडते. म्हणून ‘एक लाडू’ अशी नोंद मला मुळीच मान्य नाही. दर १०० ग्रॅमला ५३० कॅलरी एवढे डब्यावर लिहावे आणि खाताना लाडू काट्यावर ठेवावा; ज्यांना हे नकोसे वाटते त्यांनी वळतानाच प्रत्येक गोळा ४० ग्रॅमचा तोलून घ्यावा, मग नगाचा हिशेबही चालेल.