‘तो आमचा माणूस नाही’ : बाहेरच्याने केलेला छळ आणि मालकाची जबाबदारी

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा विषय निघाला की आपल्याला केबिनमधला साहेब आठवतो. कंपन्यांमधली प्रशिक्षणं, भिंतीवरचे फलक, अंतर्गत समितीचे अर्ज हे सगळं त्या साहेबाला समोर ठेवून तयार झालेलं असतं. पण भारतात हा कायदा ज्या घटनेतून आला, त्या घटनेत साहेब नव्हताच. अत्याचाराची फिर्याद होती ती गावातल्या माणसांविरुद्ध, आणि नोकरी देणारं राजस्थान सरकार होतं जयपूरला. बाहेरच्या माणसाकडून होणारा छळ हा या कायद्याचा मूळ प्रश्न आहे. तो कडेला कसा पडला, हे समजून घेतलं की आजच्या अडचणीही समजतात.

भंवरी देवी जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावच्या. जातीने कुंभार. 1985 पासून त्या राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून मानधनावर काम करत होत्या. आपल्याकडच्या आशाताई किंवा अंगणवाडीताईंसारखंच हे गावपातळीवरचं काम होतं. 1992 साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारने बालविवाह रोखण्याची मोहीम काढली. त्या मुहूर्तावर राजस्थानात मोठ्या संख्येने लहान मुलांची लग्नं लावली जात. भटेरीत एका गुर्जर घरात तान्ह्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भंवरी देवींनी समजूत घालून पाहिली, मग अधिकारी आणि पोलीस गावात आले. लग्न थांबलं नाही, ते नंतर रात्री उरकण्यात आलं. राग मात्र भंवरी देवींवर निघाला. गावाने त्यांच्या घराला वाळीत टाकलं. त्यांची मडकी घेणं बंद झालं, त्यांना दूध मिळेना. 22 सप्टेंबर 1992 रोजी त्या पतीसोबत शेतात काम करत असताना पाच जणांनी पतीला मारहाण केली आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद होती. नोव्हेंबर 1995 मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सर्व आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं.

मालकाची जबाबदारी पाहायची तर मे आणि सप्टेंबर यांच्यामधल्या महिन्यांकडे पाहायला हवं. मोहीम सरकारची होती. सरकारचेच अधिकारी गावात येऊन गेले होते, त्यामुळे कोणाचा रोष ओढवला हे सरकारला ठाऊक होतं. बहिष्कार उघड चालू होता. तरीही काम सांगणाऱ्याने काम करणारीच्या संरक्षणाचा विचार केला नाही आणि घटना घडल्यावर हात झटकले. तिच्या स्वतःच्या शेतात जे घडलं त्याच्याशी आमचा काय संबंध, असा पवित्रा होता. ‘आमच्या हद्दीत झालं नाही, करणारा आमचा माणूस नाही’ ही दोन वाक्यं आजही मालक याच क्रमाने म्हणतात.

‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या याच मुद्द्यावर. 13 ऑगस्ट 1997 रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. या निकालाने कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्याचं मोल मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण सुरुवातीलाच न्यायालयाने म्हटलं की राजस्थानातली घटना हा वेगळ्या फौजदारी खटल्याचा विषय आहे, त्याविषयी इथे अधिक बोलण्याची गरज नाही. पुढे मग तक्रार समिती, शिस्तभंगाची कारवाई, सेवानियम अशी रचना आली. ही सगळी हत्यारं मालक स्वतःच्या कर्मचाऱ्यावर चालवू शकतो. गावकऱ्यावर, गिऱ्हाइकावर किंवा रुग्णाच्या नातेवाइकावर सेवानियम लागू होत नाहीत.

भटेरीचा माग राहिला तो एका कलमात. दहाव्या तत्त्वानुसार, छळ बाहेरच्या व्यक्तीच्या कृतीमुळे किंवा निष्काळजीमुळे झाला असेल तर मालकाने पीडितेला आधार देण्यासाठी आणि पुढचा प्रकार टाळण्यासाठी आवश्यक ती सर्व वाजवी पावलं उचलायची होती. म्हणजे काय करायचं, किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय, यातलं काहीही त्यात नव्हतं.

पुढची सोळा वर्षं संसदेने कायदा केला नाही. मधल्या काळात बाहेरच्या माणसाचा प्रश्न पुन्हा उभा केला तो रात्रपाळीने. डिसेंबर 2005 मध्ये बंगळुरूच्या एका कॉल सेंटरमधल्या तरुणीचा, तिला कामावर न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने खून केला. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यातही बीपीओत काम करणाऱ्या तरुणीच्या बाबतीत तसंच घडलं. चालक कंत्राटदाराचा, गाडी कंत्राटदाराची, म्हणून कंपनी नामानिराळी राहू पाहत होती. बंगळुरूच्या प्रकरणात कामगार खात्याने कंपनीच्या प्रमुखावरच दुकाने व आस्थापना कायद्याखाली खटला भरला. रात्री काम करणाऱ्या स्त्रियांना सुरक्षा पुरवण्याची अट पाळली नाही, असा आरोप होता. हा खटला रद्द करावा म्हणून कंपनीप्रमुख सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2008 मध्ये न्यायालयाने त्याला नकार दिला. चालकाचा गुन्हा वेगळा आणि मालकाने सुरक्षा न पुरवणं हा वेगळा गुन्हा, हा फरक इथे स्पष्ट झाला. माझ्या मते ‘विशाखा’नंतरचं या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

2013 च्या कायद्यात या दोन्ही धाग्यांच्या खुणा दिसतात. हा कायदा 9 डिसेंबर 2013 पासून लागू झाला. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत कामानिमित्त भेट दिलेली कोणतीही जागा आणि मालकाने पुरवलेलं वाहन आलं. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी आणि स्वेच्छेने काम करणारेही आले, त्यामुळे मानधनावरची ताई त्यात नक्की बसते. कलम 19 नुसार, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. छळ करणारा कर्मचारी नसेल आणि पीडितेची इच्छा असेल तर त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करवून घेणं, तिला तक्रार नोंदवायला मदत करणं, हेही त्यात आहे. तरीही भटेरीसारखी घटना आज घडली तर वाद उरतोच. स्वतःचं शेत ही कामानिमित्त भेट दिलेली जागा नाही. कामाचा सूड घरी येऊन घेतला तर काय, हे कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट नाही.

कलम 19 व्यवहारात कसं चालतं, ते एका काल्पनिक पण रोजच्या उदाहरणावरून पाहू. औषध कंपनीची प्रतिनिधी, म्हणजे एमआर, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात जाते. डॉक्टर तिला मुद्दाम शेवटी बोलावतो, अश्लील बोलतो, हात धरतो. दवाखाना हे तिचं कामाचं ठिकाण आहे, याबद्दल शंका नाही. ती कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करते. समिती तिचं म्हणणं नोंदवते, पण डॉक्टर कंपनीच्या नोकरीत नसल्यामुळे कंपनी त्याला शिक्षा करू शकत नाही. दवाखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तिथे समितीच नसते, आणि असली तरी तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे. अशा वेळी रस्ता जातो जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दुसरा रस्ता पोलिसांचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली.

तोच त्रास एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी अधिकाऱ्याने दिला असता तर चित्र थोडं बरं असतं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपी दुसऱ्या खात्यात नोकरीला असला तरी स्त्रीच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते आणि आपला अहवाल त्याच्या मालकाकडे पाठवू शकते. तिला परक्या कार्यालयात जाऊन दाद मागावी लागत नाही. ज्याला मालकच नाही त्या डॉक्टरला किंवा गिऱ्हाइकाला मात्र हे लागू पडत नाही.

आता कंपनीच्या बाजूने पाहू. हा डॉक्टर तिच्या औषधांच्या भरपूर चिठ्ठ्या लिहितो. व्यवस्थापक सहानुभूतीने ऐकतो आणि म्हणतो, ‘तुझा एरिया बदलून देतो.’ कागदावर ही मदतच दिसते. कायदाही चौकशीच्या काळात बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या जादा रजेची सोय ठेवतो, पण ती तिने लेखी मागितल्यावर. इथे न मागता दिलेल्या बदलीचा परिणाम वेगळा होतो. नव्या भागात तिची ओळख नाही, टार्गेट तेवढंच, इन्सेन्टिव्ह बुडतो. पुढच्या महिन्यात त्या दवाखान्यात दुसरी मुलगी जाते, आणि तिला कोणी काहीच सांगितलेलं नसतं. मालकाने कर्तव्य केलं की प्रकरण मिटवलं, हे ओळखायचं असेल तर हलवलं कोणाला ते पाहावं. दवाखान्याला लेखी इशारा गेला का, भेटी थांबवल्या का, पोलिसांत जायचं का असं तिला विचारलं का, सोबत कोणी गेलं का, आणि या काळातलं तिचं इन्सेन्टिव्ह कंपनीने राखलं का? यातलं एकही झालं नसेल तर बदली ही शिक्षाच, आणि ती तिला झालेली असते.

कर्तव्य न पाळणाऱ्या मालकाला कलम 26 खाली 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा आणि परवान्यावर गदा येऊ शकते. पण न्यायालय दखल घेतं ते पीडित स्त्रीने किंवा समितीने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तक्रार केल्यावरच. म्हणजे नोकरीत असतानाच मालकाविरुद्ध उभं राहायचं, किंवा त्यानेच नेमलेल्या समितीकडून तशी अपेक्षा करायची. शिवाय हा सगळा कायदा स्त्रियांपुरता आणि लैंगिक छळापुरता आहे. बँकेच्या काउंटरवर शिव्या खाणारा कारकून, गिऱ्हाइकाने गचांडी धरलेला डिलिव्हरी करणारा मुलगा यात येत नाहीत.

रुग्णालयांसाठी वेगळी वाट निघाली. महाराष्ट्राने 2010 मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. त्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. तरी मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर काम थांबवून बसले, तेव्हा रुग्णालयांत सशस्त्र रक्षक नेमायला सुरुवात झाली. हल्लेखोराला शिक्षा आणि संस्थेवर बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 2010 च्या कायद्याचा भर पहिलीवर होता. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीचा बलात्कार करून खून झाला. आरोपी रुग्णालयाच्या नोकरीत नव्हता, पोलिसांचा स्वयंसेवक होता. गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिरावर सर्वोच्च न्यायालयाने कडक प्रश्न विचारले. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्याने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना आदेश दिला की कामावरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या नावाने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील. फिर्यादी संस्था असेल, ठरावीक वेळेत असेल, आणि चुकलं तर जाब प्रमुखाला द्यावा लागेल. औषध कंपनी, बँक, हॉटेल, दुकान किंवा घरोघरी माणसं पाठवणारं ॲप यांच्या मालकांवर 2013 च्या कायद्यात अशी वेळेची मर्यादा नाही.