कैची (कौलारू छपरातील)

कैची : उतरत्या छपराचे ओझे भिंतींना बाहेर न ढकलता सरळ खाली उतरवणारा त्रिकोणी लाकडी सांगाडा. पारंपरिक कौलारू छपरात हे ओझे पायरीपायरीने उतरते. कौले रिपांवर बसतात आणि रिपा वाशांवर ठोकलेल्या असतात. वाशांना मधे आडव्या तुळया आधार देतात. बांधकामावर त्यांना पर्लिन म्हणतात आणि शिखरावरच्या तुळईला आढे. पर्लिन व आढे कैच्यांवर टेकतात, कैच्या भिंतींवर किंवा खांबांवर.

वासा दोन तऱ्हांनी काम करतो. आढे जर खांबांवर किंवा आडभिंतींवर पक्के बसलेले असेल, तर वासा म्हणजे फक्त तिरकी ठेवलेली तुळई असते. त्याचे वरचे टोक आढ्यावर आणि खालचे टोक भिंतीवर टेकते. तो वाकतो, पण भिंतीला जवळजवळ ढकलत नाही. आढ्याखालचा आधार काढला की चित्र पालटते. आता समोरासमोरचे दोन वासे एकमेकांवर रेलून उभे राहतात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. हा बाहेरचा रेटा हीच उतरत्या छपराची मुख्य अडचण आहे.

पर्लिनमुळे वाशाचे वाकणे आवरले जाते. वाशाच्या बरोबर मध्यावर पर्लिन आली की त्याचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, निम्मा होतो आणि वाकवणारा जोर चौथाईवर येतो. म्हणून कैच्या 3 मीटर अंतरावर ठेवूनही मधले वासे बारीक चालतात. मात्र पर्लिन कैचीच्या सांध्यावरच बसली पाहिजे. ती सांध्यापासून हातभर बाजूला बसवली तर कैचीचा मुख्य वासा, म्हणजे तिची तिरकी बाजू, दाबाबरोबर वाकण्याचा ताणही सोसू लागतो आणि त्याचा आकार अपुरा पडतो.

एक उदाहरण घेऊ. गाळा 6 मीटर, उतार 30 अंश, कैच्या 3 मीटर अंतरावर. मंगलोरी कौलांचे रिपांसह वजन उतारावर दर चौरस मीटरला सुमारे 65 किलो धरतात. त्यात वासे, पर्लिन आणि कैचीचे लाकूड मिळवून जमिनीवर मोजलेल्या दर चौरस मीटरला 100 किलो धरले, तर एका कैचीच्या वाट्याला 1,800 किलो येतात. यांपैकी 225 किलो प्रत्येक वळचणीला थेट भिंतीवर उतरतात. उरलेले 1,350 किलो तीन ठिकाणी, आढ्यावर आणि दोन्ही पर्लिनवर, प्रत्येकी 450 असे पडतात. मुख्य वाशाच्या खालच्या भागात त्यामुळे 1,350 किलोंचा दाब येतो. त्या दाबाचा आडवा हिस्सा सुमारे 1,170 किलो, म्हणजेच बाहेरचा रेटा. कैचीची तळतुळई, म्हणजे तिची खालची आडवी बाजू, हा रेटा दोन्ही बाजूंनी ओढून धरते. ती नसती तर तो भिंतीच्या माथ्यावर पडला असता, आणि साधी भिंत आडवा जोर फारसा सोसत नाही. उतार कमी केला की रेटा वाढतो : याच ओझ्याला 45 अंशांवर तो 675 किलो असतो, तर 20 अंशांवर सुमारे 1,850.

आता मधला उभा दांडा, किंगपोस्ट. पाहणाऱ्याला तो खांब वाटतो आणि तळतुळईवर उभा राहून आढे पेलतो असा समज होतो. वास्तविक तो लटकलेला असतो. वरच्या उदाहरणात दोन तिरके टेकू पर्लिनचे ओझे घेऊन किंगपोस्टच्या पायाशी येतात आणि त्याला 450 किलोंनी खाली ओढतात. ही ओढ शिखरावर, दोन मुख्य वाशांच्या मिठीत, अडकलेली असते. तळतुळईचे वजन आणि तिला छत जोडले असेल तर तेही याच दांड्यावर टांगले जाते. म्हणूनच जाणते सुतार किंगपोस्टचा माथा फुगीर ठेवतात, म्हणजे वासे त्याला दोन्हीकडून आवळतात, आणि पायाशी तळतुळईला लोखंडी पट्ट्याने अडकवतात. पाय आणि तुळई यांत थोडी फट सोडण्याचीही रीत आहे.

कैचीचा उगम वादग्रस्त आहे, आणि वादाचे मूळ नेमके याच फरकात आहे. अथेन्सच्या पिरिअस बंदरातील नौदल कोठाराचा तपशीलवार शिलालेख 1882 मध्ये सापडला. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यास कोरलेल्या त्या लेखात आडव्या तुळईवर ठोकळा ठेवून त्यावर आढे बसवण्याची सूचना आहे. म्हणजे आढ्याचे ओझे तुळईच्या मध्यावर येते आणि तुळई ताणली न जाता वाकते. ही कैची नव्हे. ट्रेव्हर हॉज यांनी 1960 च्या सुमारास ग्रीक छपरांच्या लाकडांचा अभ्यास केला. मुख्य ग्रीक भूमीत असेच ठोकळ्याचे बांधकाम होते आणि कैची वापरात आली असल्यास ती सिसिलीत, असा त्यांचा कल होता. रोमन लेखक विट्रुव्हिअस मोठ्या गाळ्यासाठी आडव्या तुळया आणि तिरके टेकू सांगतो. अनेक अभ्यासक त्यात कैची पाहतात, पण सांधे कसे होते हे त्या वाक्यांतून उलगडत नाही. प्रत्यक्ष टिकून राहिलेल्या जुन्या कैच्यांत सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठाच्या चर्चमधील कैच्या महत्त्वाच्या आहेत. तेथील तुळयांवरच्या लेखांत सम्राट जस्टिनियन हयात आणि सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत असल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे त्यांचा काळ इ.स. 548 ते 565 असा ठरतो. लिखित शब्दांपेक्षा ताण कोठे पडतो हे पाहून कैची ओळखणे अधिक भरवशाचे, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

कैची बिघडते ती बहुधा टोकाच्या सांध्यात. मुख्य वाशाचा पाय तळतुळईतल्या खाचेत बसतो आणि खाचेपुढच्या लाकडाला बाहेर ढकलतो. वरच्या उदाहरणात तुळई 12 सेंमी रुंद असेल आणि खाचेपुढे 30 सेंमी लाकूड शिल्लक असेल, तर 1,170 किलोंचा रेटा 360 चौरस सेंमीवर वाटला जातो. आकडा किरकोळ वाटतो, पण लाकूड तंतूंच्या दिशेने सहज सोलले जाते. वाळताना पडलेली एखादी आडवी भेग खाचेच्या पातळीत आली तर हे क्षेत्र एकदम कमी होते. याच जागी वळचणीचे पाणी झिरपते आणि भिंतीत गाडलेले टोक कुजते.

दुखणे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. वाशाच्या पायामागे खाचेत ताजी, फिकट लाकडाची रेघ दिसली तर पाय सरकला आहे. आढ्याची ओळ एखाद्या कैचीपाशी खचलेली दिसते आणि त्याच रेषेत भिंतीचा माथा बाहेर कललेला असतो. किंगपोस्टच्या पायाखालची फट मिटून तो तुळईवर दाबून बसला असेल, पट्टा सैल झाला असेल, तर लटकणारा दांडा खांब झाला आहे आणि तुळई वाकू लागली आहे. अशा वेळी तुळईखाली मधे टेकू देऊन मूळ दोष जात नाही. टोकाचा सांधा आधी बांधावा लागतो : कुजका भाग कापून नवे लाकूड बोल्टने जोडतात किंवा वाशाचा पाय आणि तुळई लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. काम चालू असताना कैचीचे ओझे पर्लिनच्या जागी, खालून उभ्या टेकूंवर घ्यावे लागते.

वादळी वारा कौले वर उचलतो, तेव्हा हेच ताण काही प्रमाणात उलटतात. जड कौलांच्या छपरात हे सहसा निर्णायक ठरत नाही. कैच्या मात्र लांबीच्या दिशेने एकमेकींवर पत्त्यांसारख्या कलू नयेत म्हणून त्यांच्यात तिरके बांध घालतात.