फाटणारं चित्र आणि जड माऊस: व्ही-सिंक, अडॅप्टिव्ह सिंक आणि फ्रेम कॅपची पार्श्वभूमी

पणजी-म्हापशाच्या गेमिंग कॅफेंत खेळाचं चित्र मॉनिटरच्या वेगाशी जुळवणाऱ्या व्ही-सिंकवरून वाद निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, तो लावल्याशिवाय चित्र फाटायचं थांबत नाही. दुसरी म्हणते, तो लावला की माऊस जड होतो आणि नेम चुकतो. दोघांचं निरीक्षण बरोबर आहे. पण माऊस जड होण्याचं बरंचसं कारण व्ही-सिंकमध्ये नाही, त्याच्यामागे साचणाऱ्या फ्रेमच्या, म्हणजे खेळाच्या एकेका चित्राच्या, रांगेत आहे. ही रांग कुणी आणि कशासाठी ठेवली, हे कळलं की अडॅप्टिव्ह सिंक आणि फ्रेम कॅप या बाकीच्या दोन उपायांचा अर्थ आपोआप लागतो.

सुरुवात जुन्या काचेच्या मॉनिटरपासून करावी लागते, पण तिथे फार रेंगाळायला नको. त्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ रेखाटायचा आणि तळाशी पोचला की परत वर जायचा. या परतीच्या वेळात पडद्यावर काहीच काढलं जात नसे. एलसीडीत झोत नाही, तरी ही मोकळी जागा सिग्नलमध्ये राहिली. फुल एचडीच्या ठरावीक ६० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडदा भरणाऱ्या, सिग्नलमध्ये दिसणाऱ्या ओळी १०८० असतात आणि मोजल्या जाणाऱ्या ११२५. जादा ४५ ओळींचा वेळ रिकामा जातो, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांतला सुमारे ०.६७ मिलिसेकंद. ग्राफिक्स कार्डाने नवी फ्रेम या फटीत पुढे केली तर चित्र अखंड दिसतं. मॉनिटर अर्ध्यावर असताना केली तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा होतो. कॅमेरा डावीकडे-उजवीकडे फिरवला की दाराची चौकट मध्येच तुटून सरकल्यासारखी दिसते, ती यामुळे.

व्ही-सिंक म्हणजे या फटीची वाट पाहणं. वाट पाहायची तर तयार फ्रेम ठेवायला जागा हवी, म्हणून एक बफर पडद्यावर आणि दुसरा मागे, अशी सोय झाली. दोनच बफर असले की एक अडचण येते. ६० हर्ट्‌झवर एखादी फ्रेम बनायला १७ मिलिसेकंद लागले, तर ती फट थोडक्यात हुकते आणि पूर्ण पुढच्या फेरीपर्यंत थांबते. प्रत्येक फ्रेमचं असं झालं तर वेग ६० वरून थेट ३० वर येतो. तिसरा बफर दिला की ही पडझड थांबते.

आता त्या वादग्रस्त निर्णयाकडे येऊ. बफरांखेरीज विंडोजच्या ग्राफिक्स व्यवस्थेत आणखी एक रांग असते. प्रोसेसर पुढच्या फ्रेमसाठीचे हुकूम तयार करून ठेवतो आणि कार्ड ते सवडीने घेतं. ही रांग किती लांब असावी याचा मूळ आकडा तीन ठेवला गेला. हेतू वाईट नव्हता. प्रोसेसरचं काम कधी ५ मिलिसेकंदांत होतं, कधी २० लागतात. पुढे दोन-तीन फ्रेम तयार असल्या तर मधला अडथळा पडद्यावर दिसत नाही आणि कार्ड रिकामं बसत नाही. त्या काळी कार्डांची तुलना सेकंदाला सरासरी किती फ्रेम यावरच व्हायची, आणि त्या मोजणीत रांग फायद्याचीच दिसायची. क्लिक केल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत किती वेळ गेला, हे सहसा कुणी मोजत नव्हतं.

व्ही-सिंक बंद असताना आणि कार्ड भराभर फ्रेम उपसत असताना ही रांग फारशी साचत नाही. व्ही-सिंक लावला की दार अरुंद होतं. आपल्याकडे सर्रास दिसणारा ७५ हर्ट्‌झचा मॉनिटर घ्या. तो दर १३.३ मिलिसेकंदांनी एकच फ्रेम घेतो. कार्ड मात्र ८ मिलिसेकंदांत एक बनवतं, म्हणजे सेकंदाला १२५. जास्तीच्या फ्रेम जाणार कुठे? रांग भरेपर्यंत त्या साचतात, आणि रांग भरल्यावर खेळाला थांबवलं जातं. तोवर माऊसची स्थिती वाचून झालेली असते. त्यामुळे आता पडद्यावर जाणाऱ्या फ्रेममधली माऊसची स्थिती सुमारे तीन फेऱ्यांपूर्वीची, म्हणजे ४० मिलिसेकंद शिळी असते. ६० हर्ट्‌झवर हेच ५० होतात. पडद्याचा तळ रेखाटायला लागणारा वेळ आणि मॉनिटरची स्वतःची दिरंगाई त्यावर वेगळी. रांगेच्या बाजूने दिलेली कारणं खरी असली, तरी जलद नेमबाजीच्या खेळात ही किंमत खेळणाऱ्याला न विचारता त्याच्याकडून वसूल झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये रांग कमी करायची सोय होती, पण ती ‘आधी तयार केलेल्या फ्रेमची कमाल संख्या’ अशा अर्थाच्या नावाखाली दडलेली होती. २०१९ मध्ये एका कंपनीने ती सोय ‘लो लेटन्सी’ या समजेल अशा नावाने पुढे आणली. २०२० पासून काही खेळांतच अशी व्यवस्था येऊ लागली की रांग साचण्याआधी खेळ स्वतःच थांबतो आणि माऊस उशिरा वाचतो.

फ्रेम कॅप, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम बनवायच्या याची मर्यादा, हेच काम साध्या रीतीने करते, आणि ती या सगळ्यापेक्षा जुनी आहे. कॅफेंतल्या काचेच्या मॉनिटरांवर नेमबाजी चालायची तेव्हा पोरं खेळातला हुकूम लिहायचा कन्सोल उघडून `fps_max` लिहून आकडा द्यायची. त्या वेळी कारण वेगळं असायचं, पण परिणाम तोच: खेळ ठरावीक वेगाच्या पुढे धावत नाही. कॅप मॉनिटरच्या वेगापेक्षा किंचित खाली ठेवली की फ्रेम येतात त्याहून थोड्या जलद उपसल्या जातात, आणि रांग रिकामी राहते. यात कॅप कुठे बसते हे महत्त्वाचं आहे. खेळाच्या आतली कॅप माऊस वाचण्याआधी थांबते, म्हणून तिची किंमत सर्वांत कमी. बाहेरून लावलेली कॅप माऊस वाचून झाल्यावरही थांबवू शकते, त्यामुळे तीत एखाद्या फ्रेमएवढा उशीर वाढू शकतो.

नुसती कॅप मात्र फाटणं थांबवत नाही, उलट ते डोळ्यांत भरतं. मॉनिटर प्रत्यक्षात ५९.९४ हर्ट्‌झचा आणि कॅप ६० ची असेल, तर फरक ०.०६ चा. फाटलेली रेघ एका जागी असल्यासारखी वाटते आणि सुमारे १७ सेकंदांत हळूहळू पूर्ण पडदा ओलांडते. अशी सरकती रेघ दिसली की समजावं, कॅप लागली आहे पण सिंक कोणताच नाही.

२०१२ मध्ये एका कार्ड कंपनीने ‘अडॅप्टिव्ह व्ही-सिंक’ आणला. वेग मॉनिटरच्या खाली गेला की तो व्ही-सिंक काढून टाकतो. वेगाची पडझड टळते, पण फाटणं परत येतं. याचा अडॅप्टिव्ह सिंकशी नावापलीकडे संबंध नाही, आणि ड्रायव्हरच्या यादीत हा निवडून ‘तरी फाटतंच’ म्हणणारे अजून भेटतात.

खरा अडॅप्टिव्ह सिंक आला तो मोकळी फट ताणण्याच्या कल्पनेतून. मॉनिटर तळाशी पोचला आणि नवी फ्रेम तयार नसेल, तर तो त्या रिकाम्या ओळींतच थांबून राहतो. फ्रेम आली की लगेच वरून सुरुवात करतो. आता कार्डाने मॉनिटरची वाट पाहायची नाही, मॉनिटरने कार्डाची पाहायची. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने यासाठी मॉनिटरच्या आत स्वतःचं मॉड्यूल बसवायची पद्धत जाहीर केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात हीच गोष्ट डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात आली, पण ऐच्छिक म्हणून. २०१५ मध्ये त्यावर आधारलेले फ्रीसिंक मॉनिटर बाजारात आले. मॉड्यूलवाले मॉनिटर महाग गटातच राहिले. सामान्य घरापर्यंत ही सोय पोचली ती खुल्या मानकामुळे, आणि २०१९ च्या जानेवारीत मॉड्यूलवाल्या कंपनीलाही आपली कार्डं त्या मॉनिटरांसाठी खुली करावी लागली.

मात्र स्वस्त मॉनिटरला मर्यादा असते. खोक्यावर बारीक अक्षरांत ४८–७५ हर्ट्‌झ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. खालची मर्यादा असते कारण एलसीडीतला बिंदू आपला विद्युतभार फार वेळ धरून ठेवत नाही. फट जास्त ताणली की उजेड बदलतो आणि पडदा लुकलुकतो. महाग मॉनिटर वेग ४७ वर आला की तीच फ्रेम दोनदा दाखवून ९४ वर चालतो. ७५ च्या मॉनिटरला ९४ झेपत नाही, म्हणून ४८ च्या खाली सिंक सुटतो. ७५ च्या वरही तो सुटतो. तिथे व्ही-सिंक चालू असेल तर रांग परत साचते, बंद असेल तर चित्र परत फाटतं.

म्हणून या मॉनिटरवर तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. म्हापशाच्या एका कॅफेत गेल्या चवथीच्या सुटीत आम्ही हे करून पाहिलं. मालकाचं गाऱ्हाणं ठरलेलंच होतं: “व्ही-सिंक लावला तर पोरं ओरडतात, काढला तर तीच पोरं ओरडतात.” मोबाईलचा सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन लावून माऊसचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत धरले. बटण दाबल्यापासून बंदुकीचा उजेड दिसेपर्यंतची चित्रं मोजली. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. नुसत्या व्ही-सिंकवर साधारण सतरा चित्रं जात होती, म्हणजे सत्तरेक मिलिसेकंद. मग मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू केला, ड्रायव्हरमध्ये अडॅप्टिव्ह सिंक आणि व्ही-सिंक दोन्ही ठेवले आणि खेळात ७२ ची कॅप लावली. चित्रं नऊ-दहावर आली, आणि दाराच्या चौकटी तुटायच्या थांबल्या.

बरोबर ७५ न ठेवता ७२ का, हा प्रश्न मालकानेही विचारला. ७५ ला फ्रेमचा वेळ १३.३३ मिलिसेकंद, ७२ ला १३.८९. फ्रेम घड्याळासारख्या नेमक्या येत नाहीत, थोड्या मागेपुढे होतात. हा अर्ध्या मिलिसेकंदाचा मोकळेपणा नसेल तर काही फ्रेम मर्यादेच्या वर जातात आणि व्ही-सिंकच्या दारात अडकतात. व्ही-सिंक चालू ठेवला तो अशा चुकार फ्रेम फाटू नयेत म्हणून. कॅप खाली असल्यामुळे त्याची रांग साचत नाही.

एका यंत्रावर हे जमलं नाही, कारण केबल एचडीएमआयची होती. स्वस्त फ्रीसिंक मॉनिटरपैकी बरेच एचडीएमआयवर एकाच कंपनीच्या कार्डाशी सिंक करतात. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.१ चा बदलता रिफ्रेश रेट लागतो. मॉनिटर घेताना मागची पोर्टं पाहावीत ती यासाठी. व्हीजीएवर अडॅप्टिव्ह सिंक नाहीच.

अशा जुन्या, ठाम ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक आणि दशांशात लागणारी कॅप हाच मार्ग उरतो. आधी मॉनिटरचा खरा वेग मोजून घ्यायचा. समजा तो ५९.९४ निघाला, तर कॅप ५९.९३ ठेवायची. फरक ०.०१ चा, म्हणजे शंभर सेकंदांत एकदाच एखादी फ्रेम दोनदा दिसेल. कॅप ५९ ठेवली तरी रांग रिकामी राहते, पण तो झटका जवळजवळ दर सेकंदाला बसतो आणि सावकाश फिरणाऱ्या कॅमेऱ्यात स्पष्ट कळतो. बऱ्याच खेळांच्या आतली कॅप पूर्णांकातच लागते. तेव्हा बाहेरून कॅप लावणारा लिमिटर वापरावा लागतो, आणि त्याचा थोडा जास्त उशीर धरूनही साचलेल्या रांगेपेक्षा तो कमीच भरतो.