जीवनसंस्कारांचा तुलनात्मक तक्ता

जन्म, वयात येणे, विवाह आणि मृत्यू या चार टप्प्यांवरील विधी निरनिराळ्या धर्मांत कसे केले जातात हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा तक्ता समाजशास्त्राच्या व धर्मअभ्यासाच्या उजळणीसाठी वापरला जातो. अशा विधींचा एकत्रित विचार मानववंशशास्त्राचे अभ्यासक आर्नोल्ड वान गेनेप यांनी 1909 मध्ये मांडला. व्यक्ती जुन्या स्थितीतून बाहेर पडते, काही काळ मधल्या अवस्थेत राहते आणि नव्या स्थितीत सामावली जाते, असे तीन टप्पे त्यांनी दाखवले. पुढील तक्त्यात महाराष्ट्रात नांदणाऱ्या पाच परंपरा घेतल्या आहेत.

| परंपरा | जन्म | वयात येणे | विवाह | अंत्यविधी |
|---|---|---|---|---|
| हिंदू | बारसे | मुंज (काही जातींत) | कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी | दहन, दहाव्याचे पिंडदान |
| मुस्लिम | कानात अजान, सातव्या दिवशी अकीका | स्वतंत्र विधी नाही | निकाह, मेहर | गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, दफन |
| कॅथलिक | बाप्तिस्मा | दृढीकरण | चर्चमध्ये परस्परसंमती | मिस्सा, दफन |
| पारशी | सहाव्या दिवशी छठी | नवजोत | आशीर्वाद | शवाला कुत्र्याचे दर्शन देणारा सगदीद, दोखमा |
| बेने इस्राएल यहुदी | आठव्या दिवशी सुंता | तेराव्या वर्षी बार मित्झ्वा | खुप्पा हा मंडप, केतुबा हे करारपत्र | दफन, सात दिवसांचे सुतक |

तक्त्यातला सर्वांत फसवा रकाना ‘वयात येणे’ हा आहे. हा रकाना रिकामा राहू नये म्हणून विद्यार्थी मुस्लिम परंपरेसमोर सुंता लिहितात. मात्र सुंतेचे वय ठरलेले नाही, ती अगदी तान्हेपणीही होते, आणि नमाज व रोजे बंधनकारक होतात ते शारीरिक प्रौढत्व आल्यामुळे, कोणत्याही समारंभामुळे नव्हे. यहुदी मुलावरही धर्माज्ञा तेरावे वर्ष पूर्ण होताच लागू होतात. सिनेगॉगमध्ये तोराहचे वाचन झाले नाही म्हणून तो त्यांतून सुटत नाही. कॅथलिकांत बाप्तिस्म्याची श्रद्धा दृढ करणारा दृढीकरण हा संस्कार बहुधा जाणत्या वयात होते, तर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याला समांतर असलेला तैलाभिषेक बाप्तिस्म्याबरोबरच होत असल्याने तिथे हा विधी जन्माच्या रकान्यात जातो.

मुंज आणि नवजोत शेजारी ठेवून पाहिल्या तर साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. मुंजीत मातृभोजन होते, म्हणजे आईच्या ताटातले शेवटचे जेवण. हा वियोगाचा टप्पा. मग लंगोटी, मेखला, दंड आणि जानवे धारण करून बटू गायत्री मंत्राचा उपदेश घेतो आणि भिक्षावळीत पहिली भिक्षा आईकडेच मागतो: कालपर्यंत हक्काने मिळणारे अन्न आता याचकाच्या नात्याने. ही मधली अवस्था सोडमुंजीने संपते. पूर्वी ती अध्ययन संपल्यावर होई; आता बहुधा लगेच उरकली जाते, त्यामुळे वर्षानुवर्षांचा टप्पा काही तासांत आटपतो. नवजोतीत मूल स्नान करून दीनचा कलमा म्हणते, पांढरा सुदरा घालते आणि 72 लोकरी धाग्यांची कस्ती कमरेभोवती तीन वेढ्यांनी बांधून घेते. दोन्हीकडे सूत्र अंगावर येते, पण नवजोत मुलगा व मुलगी दोघांचीही सारखीच होते, तर मुंज प्रचलित रूपात मुलांची आणि तीही मोजक्या जातींची असते. म्हणून तक्त्यात ‘हिंदू’ या शब्दापुढे नुसते ‘मुंज’ लिहिणे चुकीचे ठरते.

विवाहाच्या रकान्यात विवाह कोणत्या क्षणी पूर्ण होतो हे विचारावे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. निकाह हा करार असून तो साक्षीदारांसमोर प्रस्ताव व स्वीकार झाल्यावर सिद्ध होतो. लॅटिन कॅथलिक परंपरेत विवाह संस्कारच मानला जातो, तरी तो वधूवर परस्परांना देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो.

अंत्यविधीत दहन आणि दोखमा ही परस्परविरुद्ध टोके वाटतात, पण दोन्हींचा आधार अग्नीचे पावित्र्य हाच आहे. हिंदू दृष्टीने देह ही अग्नीला दिलेली शेवटची आहुती, म्हणून अंत्येष्टी म्हणजे अखेरचा यज्ञ. पारशी दृष्टीने शव अशुद्ध असल्याने त्याचा स्पर्श अग्नी, पृथ्वी व जल यांना होऊ द्यायचा नाही; म्हणून ते दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजात, गिधाडांसाठी ठेवतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्यावर मुंबईत दोखमे असलेल्या डुंगरवाडीत सूर्यकिरण केंद्रित करणारी साधने बसवली गेली, आणि 2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. त्यामुळे पारशी ओळीच्या शेवटच्या चौकटीत दोखम्याखाली ‘काही कुटुंबांत दहन’ अशीही नोंद करावी लागते.