आवाज थोडा उशिरा चालतो, आधी चालत नाही

निसर्गपटात एक हरिण वाळलेली पानं तुडवत जातं आणि पानांची चुरचुर अगदी कानाशी ऐकू येते. हा आवाज कॅमेऱ्याबरोबरच मुद्रित झाला असेल असं बहुतेकांना वाटतं. पण हरिण कॅमेऱ्यापासून 200 मीटरवर असेल, तर लांब पल्ल्याची लेन्स त्याचं चित्र जवळ आणते. चुरचुरीसारखा बारीक आवाज मात्र तिथवर पोचेपर्यंत वाऱ्यात विरून जातो. पोचलाच, तरी ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर, म्हणजे पाऊल पडल्यावर अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा. म्हणून असे आवाज बहुधा नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत तयार केले जातात. या कामाला फॉली म्हणतात. बोलपट नवे असताना युनिव्हर्सल स्टुडिओत ते करणाऱ्या जॅक फॉलीवरून. बर्फावरच्या पावलांसाठी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर दाबतात, आणि कुणालाही शंका येत नाही.

शंका का येत नाही? कारण ‘आवाज कशाचा?’ हे ठरवताना मेंदू आवाजाच्या पोताइतकीच, किंबहुना जास्त, वेळेची जुळणी बघतो. 1997 साली सेकुलर आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांवरून जातात आणि पुढे सरकतात. आवाज नसताना बहुतेकांना ते आरपार गेलेले दिसतात. दोघे एकत्र आले त्या क्षणी नुसती ‘टक्’ वाजवली, की ते आपटून मागे फिरल्यासारखे वाटू लागतात. चित्र तेच असतं, आवाजाने त्याचा अर्थ बदलतो.

ही जुळणी अगदी अचूक असावी लागत नाही, पण तिची सवलत दोन्ही बाजूंना सारखी नाही. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येऊ लागतं. मागे राहिला, तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. याचं कारण निसर्गातच असावं. प्रकाश नेहमी आधी पोचतो, आवाज मागून येतो. उशिराचा आवाज आपण जन्मभर ऐकत आलो आहोत, आघाताआधीचा आवाज कधीच नाही.

आता एक मूक ॲनिमेशन घ्या: हात कप टेबलावर ठेवतो. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची. बऱ्याच ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. समजा 47 आणि 48 या फ्रेमना कप हवेत आहे आणि 49व्या फ्रेमला टेकलेला. आवाज 49वर हवा. पण नवशिका ध्वनिफितीची सुरुवात 49वर आणून ठेवतो आणि इथेच गडबड होते. मुद्रणात ‘टक्’च्या आधी बोटं कपाला घासल्याचा, समजा, 150 मिलिसेकंदांचा आवाज आहे. म्हणजे खरी ‘टक्’ साडेतीन फ्रेम उशिरा पडते आणि सवलतीच्या बाहेर जाते. जुळवायचा असतो तो ध्वनिलहरीचा पहिला उंच सुळका, फितीचं टोक नव्हे. घासण्याचा आवाज 49च्या आधी आला तर उत्तमच, कारण तेव्हा हात हलतोच आहे. नक्की कुठे ठेवावं असा प्रश्न पडला तर एक फ्रेम उशिरा ठेवा, आधी नको.

इतकं करूनही कप खोलीत नसून कानाला चिकटल्यासारखा वाटू शकतो. खोलीत थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून फिरून येणारा घुमारा सगळीकडे जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कप दूर न्यायचा असेल तर सरसकट आवाज कमी करून भागत नाही. थेट आवाज उतरवायचा आणि घुमारा तसाच ठेवायचा. (‘8डी ऑडिओ’च्या जाहिरातींमागे एवढंच असतं: आवाज डावी-उजवीकडे फिरवणं आणि वर घुमारा. उरलेल्या पाच मिती मला अजून सापडलेल्या नाहीत.) याखाली रिकाम्या खोलीची मंद गुणगुण सलग हवी. ती नसली तर दोन आवाजांमधली जागा शांत न वाटता ध्वनिफीत तुटल्यासारखी वाटते.

जुळणी बिघडलीच, तर चूक पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखीच आहे का ते बघा. सारखी असेल तर आधी ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचा लावा. बिनतारी हेडफोन स्वतःच 100–200 मिलिसेकंद उशीर करू शकतो आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता. चूक वाढत जात असेल तर फ्रेमदर तपासा. आवाज 24 फ्रेमच्या हिशेबाने बसवला आणि चित्र 23.976ने चाललं, तर मिनिटाला 60 मिलिसेकंदांचा फरक साचतो. त्यात चित्र मागे पडतं, म्हणजे आवाज आधी येतो, आणि एका मिनिटातच ते खटकायला लागतं.