मन जड असेल तेव्हाचा इमोजी आधीच ठरवा

‘मला आज फार अस्वस्थ वाटतंय’ हे वाक्य टाइप करून पुसून टाकायचं आणि त्याऐवजी एखादा चेहरा पाठवायचा, असं बरेच जण करतात. तो चेहरा समोरच्याला कितपत कळतो? 😪 हा घ्या. नाकाजवळचा निळा थेंब पाहून अनेकांना तो रडका वाटतो, पण मुळात तो झोपाळलेला आहे. जपानी कॉमिक्समध्ये झोपलेल्या माणसाच्या नाकाशी फुगा काढतात, तोच इथे थेंबासारखा दिसतो. ‘रडू येतंय’ म्हणून हा चेहरा पाठवला आणि उत्तर ‘झोप मग, उद्या बोलू’ असं आलं, तर त्यात मैत्रिणीची काही चूक नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हे तपासलं. लोकांना इमोजी दाखवून त्यातली भावना चांगली, वाईट की मधली, याला गुण द्यायला सांगितले. अगदी तेच चित्र पाहूनसुद्धा सुमारे एक चतुर्थांश वेळा दोन माणसांचं एकमत झालं नाही. त्यात फोन बदलला की चित्रही बदलू शकतं. संदेशातून जातो तो फक्त ठरलेला संकेतांक, 😪 साठी U+1F62A. चेहरा रंगवतो तो समोरचा फोन किंवा ॲप.

मला त्याहून मोठी अडचण वाटते ती वेगळी. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी 1980 मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या. एक अक्ष सुखद-दुःखद असा, दुसरा शरीर किती चेतलेलं आहे याचा. चिंता आणि उदासी दोन्ही दुःखद बाजूलाच येतात, पण दुसऱ्या अक्षावर त्या विरुद्ध टोकांना असतात. चिंतेत छाती धडधडते, विचार थांबत नाहीत. उदासीत अंथरुणातून उठणंही जड जातं. पडलेल्या तोंडाचा ☹️ पहिला अक्ष दाखवतो, दुसरा गिळून टाकतो. मदत मात्र त्या दुसऱ्यावरच ठरते. घालमेल होणाऱ्याला कुणीतरी फोनवर बोलत राहावं असं वाटू शकतं, तर मरगळलेल्याला तोच फोन उचलणं नकोसं होतं.

म्हणून मन बरं असतानाच दोघींनी खुणा ठरवाव्यात. समजा, एक मैत्रीण पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि दुसरी कोल्हापूरला असते. त्यांनी चेहरे टाळले. घालमेलीला 🌀, मरगळीला 🪫. पुढे 1 ते 5 आकडा, आणि प्रत्येक आकड्याला रोजच्या जगण्यातली खूण: 2 म्हणजे अभ्यासिकेत गेले पण लक्ष लागलं नाही, 4 म्हणजे दिवसभर जेवले नाही. शेवटी काय हवंय ते: 📞 म्हणजे फोन कर, 👀 म्हणजे वाचलंस एवढं कळू दे, प्रश्न नको. निकालाच्या आदल्या रात्री ‘🌀4 📞’ आलं की कोल्हापूरची लगेच फोन लावते. ‘🪫3 👀’ ला ती फक्त ❤️ टाकते. ‘काय झालं? सांग ना!’ असं तिथे विचारलं, तर जे शब्द जड झाले होते तेच पुन्हा मागितल्यासारखं होतं.

खुणांसोबत शब्दही ठरवावेत, याला एक कारण आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडला, तेव्हा धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झाली. त्याच भावनेचा दुसरा चेहरा नुसता जुळवला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तो प्रयोग इमोजींवर नव्हता, पण चित्राला चित्र जोडणं आणि भावनेला नाव देणं यांतला फरक त्यातून दिसतो. 🌀 पाठवताना ‘घालमेल’ हा शब्द मनात उमटत असेल, तर ती खूण जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

या खुणा एका वाईट दिवसासाठी आहेत. 🪫 दोन आठवडे जवळजवळ रोज येत असेल, तर खुणा बाजूला ठेवून सरळ विचारावं आणि डॉक्टरांकडे सोबत जावं. निदान करतानाही डॉक्टर नैराश्याची लक्षणं किमान दोन आठवडे टिकली का, हे पाहतात. रोज खुणा पाठवणारी व्यक्ती अचानक गप्प झाली, तरी फोन करावा. जीव नकोसा होण्याच्या विचाराला मात्र कोणतीही खूण ठेवू नये. तिथे चुकीचा अर्थ लागणं परवडणारं नसतं. तो विचार बोलूनच सांगायचा, आणि मैत्रिणीनेही ‘मरावंसं वाटतंय का?’ असं स्पष्ट विचारायचं. तसं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि मैत्रिणीची काळजी वाटते म्हणून तुम्ही स्वतःही फोन करू शकता.