२१० मुलांमागचा २ : डिझाइन इफेक्टची पार्श्वभूमी

लसीकरणाचे प्रमाण मोजणाऱ्या सर्वेक्षणांमध्ये कित्येक वर्षे एकच आराखडा जगभर वापरला गेला. त्यात ३० समूह निवडायचे आणि प्रत्येक समूहातून १२ ते २३ महिने वयाची ७ मुले घ्यायची, म्हणजे एकूण २१० मुले. हा आकडा इतका सवयीचा झाला की तो कुठून आला हे विचारणेच मागे पडले. त्याची फोड केली तर मधोमध एक साधा २ सापडतो. या लेखाचा विषय तो २ आहे.

हिशेब छोटा आहे. लसीकरण निम्म्याच्या आसपास आहे असे धरले, म्हणजे सर्वांत जास्त अनिश्चितता गृहीत धरली, आणि उत्तर ९५ टक्के खात्रीने १० टक्के इकडेतिकडे चालेल असे ठरवले, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ९६ मुले पुरतात. पण साधा यादृच्छिक नमुना घ्यायचा तर सगळ्या मुलांची यादी हवी, आणि एकेका मुलासाठी एकेका गावाला जाण्याची तयारीही. म्हणून गावे निवडून तिथेच काही मुले घ्यायची. त्या सोयीची भरपाई म्हणून ९६ ची दुप्पट, १९२. ती ३० समूहांत वाटली की ६.४, वर पूर्ण केले की ७.

दुप्पटच का, याचे उत्तर १९२५ पासून शोधावे लागते. त्या वर्षी रोनाल्ड फिशर यांनी संशोधकांसाठी लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘इंट्राक्लास कोरिलेशन’ची मांडणी व्हेरियन्सच्या, म्हणजे आकड्यांतल्या चढउताराच्या मापाच्या, विश्लेषणाशी जोडली. दोन भावांच्या उंचीचा संबंध पाहताना कोणाला ‘पहिला’ म्हणायचे आणि कोणाला ‘दुसरा’, हे ठरवता येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा की एकूण फरकापैकी किती फरक कुटुंबाकुटुंबांमधला आहे आणि किती एकाच कुटुंबाच्या आतला. कुटुंबाच्या जागी गाव ठेवले की तीच राशी समूहांतर्गत सहसंबंध, ρ, होते. गावातली मुले परस्परांशी गावाबाहेरच्या मुलांइतकीच मिळतीजुळती असतील तर ρ जवळजवळ शून्य. सगळे गाव लसवंत किंवा सगळे गाव लसीविना असेल तर ρ १.

सर्वेक्षणाच्या आखणीत ही गोष्ट १९३०-४० च्या काळात उतरली. बंगालमधल्या तागाच्या पाहणीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुन्यातल्या तुकड्याचा आकार किती असावा हा प्रश्न खर्च आणि चढउतार एकत्र मांडून सोडवला, कारण शेजारशेजारच्या जमिनी सारख्या असतात आणि तुकडा मोठा केल्याने माहिती त्याच पटीत वाढत नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्यात मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४२ मध्ये वेगवेगळ्या नमुना-एककांची तुलना करताना ρ ला थेट हिशेबात आणले. लेस्ली किश यांच्या १९६५ च्या ग्रंथापासून ‘डिझाइन इफेक्ट’ हे नाव रुळले. प्रत्यक्ष आराखड्यातला व्हेरियन्स भागिले तितक्याच संख्येच्या साध्या यादृच्छिक नमुन्याचा व्हेरियन्स, असे ते गुणोत्तर. प्रत्येक समूहातून m जण घेतले तर त्याचे परिचित रूप असे:

DEFF = 1 + (m − 1)ρ

आता ३०×७ कडे परत येऊ. m ७ असताना डिझाइन इफेक्ट २ यायचा तर ρ एक षष्ठांश, सुमारे ०.१७, असावा लागतो. रॅल्फ हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या देवी निर्मूलनाच्या काळात ही समूह पद्धत वापरली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा लसीकरण कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाल्यावर ती तिथे आली, आणि १९८२ मध्ये हेंडरसन व सुंदरेसन यांनी तोवरच्या सर्वेक्षणांचा अनुभव प्रसिद्ध केला. १० टक्क्यांच्या मर्यादेसाठी आणि त्या काळच्या लसीकरणासाठी २ हा समंजस अंदाज होता, असे माझे मत आहे. पुढची चूक त्याला स्थिरांक मानण्यात झाली.

कारण २ हा m आणि ρ या दोघांवर उभा आहे. समजा, अधिक अचूकता हवी म्हणून कुणी समूह ३० च ठेवले आणि प्रत्येकातून ७ ऐवजी २० मुले घेतली. ρ तोच धरला तर डिझाइन इफेक्ट १ + १९/६, म्हणजे ४.१७ होतो. मुले ६००, पण माहिती १४४ स्वतंत्र मुलांएवढी. आधीच्या २१० मुलांमधून १०५ मुलांएवढी माहिती मिळतच होती. म्हणजे जवळजवळ तिप्पट कामाने भर पडली ३९ ची. तेवढीच मुले ८६ समूहांतून ७-७ अशी घेतली असती तर ती सुमारे ३०० च्या तोडीची झाली असती.

याला कमाल मर्यादाही आहे. एका समूहातून कितीही मुले घेतली तरी तो समूह 1/ρ पेक्षा जास्त स्वतंत्र मुलांएवढी माहिती देत नाही. इथे ती मर्यादा ६, म्हणून ३० समूहांतून जास्तीत जास्त १८०. आता ५ टक्क्यांची अचूकता हवी असेल तर साध्या नमुन्यात ३८४ मुले लागतात. ३० समूहांत ती कधीच गाठता येणार नाही, गावातले एकूण एक मूल मोजले तरी. तिथे ७-७ मुलांचे ११० समूह लागतात. हिशेबाआधी समूहांची संख्या ठरवून टाकणारे इथेच अडकतात.

दुसरी गोष्ट, ρ विषयागणिक बदलतो. एकाच सर्वेक्षणात मुलाला मागच्या पंधरवड्यात ताप आला होता का, हेही विचारतात आणि घरात नळाचे पाणी येते का, हेही. पहिल्याचा ρ ०.०२ असेल तर ७ मुलांना डिझाइन इफेक्ट १.१२ येतो. नळ मात्र गावाला असतो किंवा नसतो. त्याचा ρ ०.५ धरला तर डिझाइन इफेक्ट ४ येतो, २१० घरे ५२ घरांएवढी उरतात आणि १० टक्क्यांची मर्यादा साडेतेरा टक्क्यांपर्यंत जाते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी छापले तर वाचकाला त्यांचे वजन सारखेच वाटते. लसीकरणातही पथक गावात पोचले की नाही यावर सगळे अवलंबून असेल, तर ते नळासारखेच वागते.

निवडीची रीतही ρ वाढवते. जुन्या पद्धतीत पहिले घर यादृच्छिक निवडून पुढे सर्वांत जवळच्या घरी जायचे, सात मुले मिळेपर्यंत. त्यामुळे समूह नावाला गावाचा असला तरी खरा समूह एका गल्लीचा असतो, आणि एका गल्लीतली मुले गावभर पसरलेल्या मुलांपेक्षा परस्परांसारखी जास्त असतात.

गोळा झालेल्या आकड्यांवरून हे ओळखता येते. एकूण प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल आणि समूहांचा काही प्रभाव नसेल, तर सातही मुले लसवंत किंवा सातही लसीविना असण्याची शक्यता १२८ मध्ये २. म्हणजे ३० समूहांत असा समूह जेमतेम एखादा दिसावा. पाच-सहा दिसले तर मुले गावागणिक गटाने बदलत आहेत हे उघड आहे. नेमका आकडा हवा असेल तर प्रत्येक समूहाचे प्रमाण काढून त्या ३० प्रमाणांचा व्हेरियन्स मोजायचा आणि एकूण प्रमाण p धरून त्याला p(1 − p)/m ने भागायचे. प्रमाण निम्मे आणि मुले ७ असताना हा छेद ०.०३५७ येतो. समूहांचा व्हेरियन्स ०.०७ च्या आसपास आला तर गृहीत धरलेला २ बरोबर होता, ०.१४ आला तर तो ४ असायला हवा होता. अर्थात, ३० समूहांवरून काढलेला हा अंदाज स्वतःच बराच हलता असतो, म्हणून मागच्या दोनतीन सर्वेक्षणांतले ρ एकत्र पाहून आखणी करणे जास्त भरवशाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत ३०×७ हा तयार आराखडा उरलेला नाही. अपेक्षित प्रमाण, हवी ती अचूकता, समूहातली मुले आणि ρ घालून समूहांची संख्या दर वेळी नव्याने काढायची आणि घरांची निवडही यादीवरून यादृच्छिक करायची, असे तिथे सांगितले आहे.